शिक्षा कशासाठी, कोणाला आणि किती?

बच्चनसिंग नावाच्या माणसाला पत्नीच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली होती. शिक्षा भोगून तो तुरुंगातून सुटला आणि पंजाबात एका नातेवाइकाच्या घरी राहू लागला. पुढे त्याने तिघांचा खून केला. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे प्रश्न एका आरोपीपुरता राहिला नाही. फाशीची शिक्षा मुळात राज्यघटनेत बसते का, हे ठरवायला पाच न्यायाधीशांचे घटनापीठ बसले. ९ मे १९८० रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने पीठाने सांगितले की ती बसते, मात्र ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात शिक्षेच्या समर्थनावर निबंध लिहायचा असतो, तेव्हा चार उत्तरांची तुलना करायला सांगतात. प्रतिशोध म्हणतो, गुन्हेगाराने जे केले त्याचे उचित फळ त्याला मिळाले पाहिजे. जरब म्हणते, त्याचे पाहून बाकीचे गुन्ह्यापासून दूर राहिले पाहिजेत. अटकाव म्हणतो, तो पुन्हा कोणाला इजा करू शकणार नाही अशा जागी त्याला ठेवले पाहिजे. सुधारणा म्हणते, तो बदलून माणसांत परत यायला हवा. पहिले उत्तर मागे, म्हणजे घडून गेलेल्या कृत्याकडे पाहते. उरलेली तीन पुढे, म्हणजे शिक्षेच्या परिणामांकडे पाहतात.

अशा निबंधात बहुतेक वेळा चार परिच्छेद येतात, प्रत्येकात एक गुण आणि एक दोष येतो आणि अखेरीस ‘चारींचा समतोल साधला पाहिजे’ असे वाक्य येते. पण समतोल कसा साधायचा? बच्चनसिंगच्या बाबतीत ही चार उत्तरे चार वेगळ्या दिशांना नेतात. तो एकदा शिक्षा भोगून आलेला होता, म्हणून त्याच्याइतकी कठीण कसोटी शोधून सापडणार नाही. जन्मठेपेची त्याला जरब बसली नाही, तुरुंगात तो सुधारला नाही आणि आत असता तर ते तीन जीव वाचले असते. मग निकाल उघड आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. तो तसा उघड का नाही, हे या चार उत्तरांची तुलना नीट केली की कळते.

एक नव्हे, तीन प्रश्न

ब्रिटिश कायदेतज्ज्ञ आणि तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५९ साली या चर्चेतली एक जुनी गाठ सोडवली. लोक ज्याला ‘शिक्षेचे समर्थन’ म्हणतात तो एक प्रश्न नाही, तीन आहेत, असे त्यांनी दाखवले. समाजाने शिक्षा नावाची व्यवस्था मुळात ठेवावीच का? ती कोणाला करावी? आणि किती करावी? पहिल्या प्रश्नाला दिलेले उत्तर दुसऱ्याला आणि तिसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

हे जरबेच्या उदाहरणावरून लगेच ध्यानात येते. जरब हेच सर्व काही मानले, तर एक अडचण उभी राहते. गावात एक भयंकर गुन्हा घडला आहे, गुन्हेगार सापडत नाही आणि लोक बिथरले आहेत. पोलिसांनी एखादा निरपराध माणूस पकडला, पुरावा रचला आणि सर्वांना तोच गुन्हेगार वाटला, तर जरब तितकीच बसेल. तरीही हे घोर अन्यायाचे आहे, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. जरबेच्या विरोधात हा आक्षेप फार जुना आहे आणि कित्येक निबंध तिथेच थांबतात. हार्ट यांचे म्हणणे असे की, व्यवस्था कशासाठी ठेवायची याचे उत्तर जरब असू शकते, पण शिक्षा कोणाला याचे उत्तर ‘ज्याने गुन्हा केला त्यालाच’ एवढेच असले पाहिजे. हे दुसरे उत्तर प्रतिशोधाच्या घरचे आहे. दोन्ही एकाच व्यवस्थेत नांदू शकतात, कारण दोघांची कामे वेगळी आहेत.

चारी सिद्धांतांना एकाच रांगेत उभे करून ‘कोणता श्रेष्ठ’ असे विचारणे म्हणूनच फसते. प्रत्येक सिद्धांत कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो आणि कुठे पोहोचल्यावर त्याची मर्यादा येते, हे पाहावे लागते.

प्रतिशोध : किती, आणि त्याहून जास्त का नाही

प्रतिशोधाची सर्वांत कठोर मांडणी इमॅन्युएल कांटने १७९७ साली केली. एका बेटावरचा समाज विखरून जायचे ठरवतो, तर जाण्याआधी त्याने तुरुंगातल्या शेवटच्या खुन्यालाही देहदंड दिला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. समाजच उरणार नसेल तर जरब कोणाला, अटकाव कोणापासून आणि सुधारून तो जाणार कुठे? तिन्ही पुढे पाहणारी कारणे संपली तरी शिक्षा उरते, कारण ती कृत्याचे देणे आहे, हा कांटचा मुद्दा. हे वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच विचाराची दुसरी बाजू मोलाची आहे. कोणत्याही माणसाला केवळ दुसऱ्यांच्या हिताचे साधन म्हणून वापरायचे नाही, असे कांट बजावतो. म्हणजे जेवढे देणे आहे त्याहून अधिक वसूल करायचे नाही. सुडाला अशी हद्द नसते. प्रतिशोधाला ती असते.

ही हद्द नेमकी कुठे आखायची, हा प्रतिशोधापुढचा खरा पेच आहे. गुन्ह्यांची उतरंड लावायला हा सिद्धांत मदत करतो. भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत, राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत आणि जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद होती. ही चढण सर्वांना पटते. पण पहिली पायरी तीनच वर्षांची का, एक वर्षाची का नाही, याचे उत्तर प्रतिशोधाकडे नाही. कोणता गुन्हा कोणत्या गुन्ह्याहून वाईट हे तो सांगतो. एका गुन्ह्याची किंमत किती वर्षे, हे तो स्वतःहून सांगू शकत नाही. ‘जिवाच्या बदल्यात जीव’ हे समीकरण सोपे वाटते, पण आपण बलात्काऱ्यावर बलात्कार करत नाही की जाळपोळ करणाऱ्याचे घर जाळत नाही. मग खुनाच्या वेळीच ते समीकरण अक्षरशः का घ्यायचे?

बच्चनसिंगच्या बाबतीत प्रतिशोध आणखी एक अवघड गोष्ट लक्षात आणून देतो. पत्नीच्या खुनाचे देणे त्याने तुरुंगवासाने फेडले होते. निव्वळ प्रतिशोधाच्या हिशेबात ते खाते बंद झाले. आता मोजायचे ते तीन खून, त्यांची क्रूरता आणि त्यामागचा हेतू. ‘हा पूर्वीचाच खुनी आहे’ म्हणून शिक्षा वाढवायची तर त्याला दुसरे कारण लागते, आणि ते जरब, अटकाव किंवा सुधारणा यांच्याकडूनच उसने घ्यावे लागते. प्रतिशोधाचे समर्थक जेव्हा पूर्वेतिहासावर बोट ठेवतात, तेव्हा बहुधा नकळत ते अटकावाची भाषा बोलत असतात.

जरब : धाक कशाचा, किती आणि कोणाला

इटलीच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ साली एक मर्मभेदी गोष्ट सांगितली. गुन्हा रोखायला शिक्षेची कठोरता कमी पडते असे नाही, तिची खात्री कमी पडते. पकडले जाण्याची शक्यता मोठी असेल आणि शिक्षा लवकर होणार असेल, तर ती मध्यम असली तरी धाक बसतो. याच विचारातून त्याने देहदंडाला विरोध केला. पंचवीस वर्षांनी बेंथमने याला हिशेबी रूप दिले. शिक्षा हे स्वतः एक दुःख आहे, त्यामुळे त्याहून मोठे दुःख टळत असेल तरच ती द्यावी, असा त्याचा दंडक होता. समान धाक कमी शिक्षेने बसत असेल तर जास्त शिक्षा हा निव्वळ अपव्यय.

म्हणून फाशीविषयी जरबेचा खरा प्रश्न ‘फाशीची भीती वाटते का’ असा नाही. भीती वाटणारच. प्रश्न असा आहे की, जन्मठेपेच्या भीतीहून फाशीची भीती जास्त खून थांबवते का? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयझॅक एर्लिक यांनी १९७५ साली आकडेवारी मांडून असा अंदाज केला की प्रत्येक फाशीमागे सुमारे आठ जीव वाचत असावेत. त्या आकड्यांवर मोठा वाद झाला, कारण कोणती वर्षे धरायची आणि कोणती गृहीतके घ्यायची यावर उत्तर उलटसुलट होत होते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने आधी १९७८ साली आणि पुन्हा २०१२ साली असा सगळा अभ्यास तपासला. फाशीने खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे या अभ्यासांवरून सांगता येत नाही आणि धोरण ठरवताना त्यांचा आधार घेऊ नये, असा २०१२ चा निष्कर्ष होता. भारताच्या विधी आयोगाने न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखाली २०१५ साली अहवाल दिला. फाशीची जरब जन्मठेपेहून अधिक नसल्याचे नमूद करून आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली.

इथे एका सोप्या चुकीपासून सावध राहायला हवे. बच्चनसिंगला जरब बसली नाही, म्हणून जरब कुचकामी, हा युक्तिवाद खोटा आहे. ज्यांना जरब बसते ते न्यायालयात दिसतच नाहीत. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असतात ते सगळे जरब न बसलेलेच. जरबेची परीक्षा एका आरोपीवरून होत नाही, ती संपूर्ण समाजातल्या गुन्ह्यांवरून करावी लागते. त्याच न्यायाने, एका खटल्यातल्या न्यायाधीशाने ‘समाजाला धडा मिळावा म्हणून’ शिक्षा वाढवली, तर त्या वाढीव शिक्षेने काही साधले का, हे त्याला कधीच कळत नाही. आरोपीचे आयुष्य मात्र त्यात खर्ची पडते.

अटकाव : उद्याच्या गुन्ह्याची आजची शिक्षा

चौघांत अटकाव सर्वांत व्यवहारी वाटतो. आत असलेला माणूस बाहेर गुन्हा करू शकत नाही, हे सिद्ध करायला आकडे लागत नाहीत. बच्चनसिंगच्या प्रकरणात तर हा मुद्दा रक्ताने लिहिलेला आहे. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आले. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला किमान चौदा वर्षे आत ठेवणे त्याने बंधनकारक केले. पुढे २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फाशी आणि नेहमीची जन्मठेप यांच्यामधली वाट काढली. न्यायालय ठरवील तितकी वर्षे, किंवा आयुष्यभर, शिक्षेत सूट न देता कैद्याला आत ठेवता येते. २०१५ मध्ये घटनापीठाने बहुमताने ती मान्य केली. फाशी न देता समाजाचे रक्षण करायचे तर कायद्याकडे आता हे साधन आहे.

अटकावाची अडचण पुढे येते. कोण पुन्हा गुन्हा करील, हे आज ओळखायचे कसे? एक हिशेब मांडून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, सुटायला आलेल्या एक हजार कैद्यांपैकी पन्नास जण पुढे हिंसक गुन्हा करणार आहेत. आपल्याकडे ओळखण्याची अशी पद्धत आहे की ती शंभरात ऐंशी वेळा बरोबर ठरते. पन्नासांपैकी चाळीस ती बरोबर पकडील. पण उरलेल्या साडेनऊशे निरुपद्रवी माणसांत ती शंभरात वीस वेळा चुकेल, म्हणजे एकशे नव्वद जणांना ‘धोकादायक’ ठरवील. एकूण दोनशे तीस जण आत राहतील आणि त्यांतले चाळीसच खरे धोकादायक असतील. एका खऱ्यामागे जवळजवळ पाच निरुपद्रवी माणसे कोंडली जातील, तीसुद्धा इतकी चांगली पद्धत हाताशी असताना.

प्रत्यक्षातही हे घडलेले आहे. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बॅक्स्ट्रॉम निकालामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या साडेनऊशेहून अधिक रुग्णांना ‘गुन्हेगार वेड्यांच्या’ कडेकोट रुग्णालयांतून साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. त्या सर्वांना धोकादायक ठरवून वर्षानुवर्षे डांबलेले होते. अभ्यासकांनी पुढची काही वर्षे त्यांचा माग ठेवला. कडेकोट बंदोबस्तात परत पाठवावे लागलेले रुग्ण फारच थोडे निघाले. चुकीचा अंदाज आपल्याला सहसा दिसत नाही, कारण ज्याला चुकून कोंडले तो आपण निरुपद्रवी होतो हे कधीच सिद्ध करू शकत नाही. न्यूयॉर्कमध्ये दारे उघडली म्हणून ती चूक दिसली.

सुधारणा : दयेतून उगवणारा धोका

महाराष्ट्रात सुधारणेचा एक थोर प्रयोग झाला. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता. भिंती नसलेल्या त्या जागेत कैदी शेती करत राहत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे हीच प्रेरणा होती. खुनासारखा गुन्हा केलेला माणूसही विश्वासाला जागू शकतो, हे तिथे दिसले.

पण सुधारणा ‘शिक्षा किती’ याचे एकमेव माप झाली, तर ती क्रूर होऊ शकते. कॅलिफोर्नियात अनेक दशके अनिश्चित मुदतीची शिक्षा होती. कैदी सुधारला की त्याला सोडायचे आणि तो सुधारला का हे मंडळाने ठरवायचे. जॉर्ज जॅक्सन हा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण पेट्रोल पंपावरच्या सुमारे सत्तर डॉलरच्या लुटीत सापडला. त्याला ‘एक वर्ष ते आजन्म’ अशी शिक्षा झाली. मंडळाने त्याची सुटका पुन्हा पुन्हा नाकारली. तुरुंगात तो आणखी गंभीर आरोपांत अडकला आणि सुमारे दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, तुरुंगातच गोळीबारात मारला गेला. सत्तर डॉलरच्या लुटीचे देणे दहा वर्षे होते, असे कोणताही प्रतिशोधवादी म्हणणार नाही. सुधारणेला वरची हद्द नसते, कारण ‘अजून पुरेसा सुधारला नाही’ हे वाक्य कधीही म्हणता येते. १९७६ साली कॅलिफोर्नियाने ही पद्धत बहुतांशी मोडीत काढली. तसे करताना तुरुंगवासाचा हेतू शिक्षा हाच आहे, असे कायद्यात लिहून टाकले आणि सुधारणेलाच हद्दपार केले. एका टोकाची चूक दुरुस्त करताना राज्य दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचले.

चौघांची कामे वाटून देताना

आता चित्र स्पष्ट होते. प्रतिशोधाला मर्यादा आखता येते, पण नेमका आकडा देता येत नाही. पुढे पाहणाऱ्या तिन्ही सिद्धांतांना आकड्याची कारणे देता येतात, पण स्वतःची मर्यादा नसते. अमेरिकन अभ्यासक नॉर्व्हल मॉरिस यांनी यातून वाट काढली. कृत्याच्या गांभीर्यावरून शिक्षेची कमाल मर्यादा ठरवावी. तिच्या आत नेमकी किती शिक्षा, हे समाजाचे रक्षण आणि माणसाचे परिवर्तन यांच्या विचाराने ठरवावे. आणि कमी शिक्षेने काम होत असेल तर कमीच द्यावी.

बच्चनसिंग निकालाचे बहुमत मला या वाटेच्या जवळचे वाटते. गुन्ह्याइतकेच गुन्हेगाराकडेही पाहा, असे न्यायालयाने सांगितले. ज्येष्ठ वकील डॉ. चितळे यांनी सुचवलेली शिक्षा सौम्य करणारी कारणे निकालात आली. आरोपी पुढे समाजाला धोका ठरणार नाही ही शक्यता आणि तो सुधारू शकतो ही शक्यता, अशी त्यांतली दोन. ही शक्यता नाही हे पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली गेली. म्हणजे गुन्हा कितीही घोर असला, तरी तेवढ्यावर फाशी देता येत नाही. दुसरा पर्याय पूर्णपणे बंद झाला आहे, हे दाखवावे लागते.

ही विभागणी विसरली की काय होते, तेही आपल्या न्यायालयांत घडले. १९९५ च्या रावजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप महत्त्वाचे, गुन्हेगार नव्हे. प्रतिशोधाला मर्यादा आखायचे काम होते, इथे त्याच्या हाती संपूर्ण निकाल गेला. रावजीला पुढच्याच वर्षी फाशी झाली आणि पुढे अनेक निकालांनी हाच धागा पकडला. २००९ मध्ये बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच कबूल केले की रावजीचा निकाल बच्चनसिंगच्या बंधनकारक नियमाकडे दुर्लक्ष करून दिला गेला होता. तोवर तेरा वर्षे गेली होती. २०२२ मध्ये मनोज प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की आरोपीची मानसिक स्थिती, कौटुंबिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातील वर्तन यांचे अहवाल खटल्याच्या पायरीवरच मागवावेत. सुधारणेची शक्यता हा अंदाजाचा विषय न राहता पुराव्याचा व्हावा, एवढाच याचा अर्थ.

मग बच्चनसिंगचे काय करायला हवे होते? तीन खुनांचे देणे कायद्यातल्या सर्वांत जड तुरुंगवासाला पोहोचते, यात शंका नाही. त्याच्या पूर्वेतिहासामुळे अटकावाची बाजूही बळकट होते, आणि इथे अंदाज नुसता तर्कावर उभा नाही, त्यामागे घडलेली घटना आहे. पण ही दोन्ही कारणे दीर्घ आणि सूट नसलेल्या कारावासाने पूर्ण होतात. कारावासाने जे साधणार नाही असे फाशीने काय साधते, याला जरबेकडे पुरावा नाही. अटकावाला त्याची गरज नाही. सुधारणेची वाट फाशीने कायमची बंद होते. उरतो फक्त कांटचा जिवाच्या बदल्यात जिवाचा नियम, आणि तो आपण दुसऱ्या कोणत्याही गुन्ह्यात अक्षरशः पाळत नाही. म्हणून माझ्या मते त्याला फाशी देणे समर्थनीय नव्हते, आणि त्याला लवकर सोडणेही नव्हते.

वर्तमानपत्रात एखाद्या भीषण गुन्ह्याचा निकाल वाचला की आपण सगळेच मनातल्या मनात शिक्षा ठरवतो. त्या वेळी जी मागणी ओठांवर येते ती तीन प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे विचारून पाहावे. ‘त्याने हे केले’ हे कोणाला शिक्षा करायची याचे उत्तर आहे. ‘हे किती भयंकर होते’ यावरून शिक्षेची कमाल मर्यादा ठरते. त्या मर्यादेच्या आत तितकीच शिक्षा का हवी, हे मात्र वेगळे सिद्ध करावे लागते. आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी नेहमी शिक्षा मागणाऱ्याची असते.